अँड्रियाचं वय काय?

गॅब्रिएल कार्टेरिस या अभिनेत्रीचा जन्म २ जानेवारी १९६१चा. ‘बेव्हर्ली हिल्स, ९०२१०’ या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला ४ ऑक्टोबर १९९० रोजी. वजाबाकी केली की उत्तर येतं एकोणतीस वर्षं नऊ महिने. त्या भागात बाई अँड्रिया झुकरमन नावाच्या शाळकरी मुलीचं काम करतात. डोळ्यांवर चष्मा, शाळेच्या वृत्तपत्राची संपादक, वर्गात सगळ्यांत हुशार. घर बेव्हर्ली हिल्सच्या हद्दीबाहेर, म्हणून शाळेत पत्ता आजीचा दिलेला. चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून नातेवाइकांचा पत्ता लावणं आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. गंमत अशी, की पडद्यावरची मुलगी पत्ता लपवत होती आणि तिचं काम करणारी बाई वय.

ही मालिका मी नव्वदच्या दशकात घरच्या केबलवर पाहिली, स्वतः कॉलेजात जायच्या वयात. आमच्या घरात त्यावर एकच प्रतिक्रिया उमटायची, ती आजीची. तिला इंग्रजी कळत नव्हतं, त्यामुळे ती संवादांच्या नादी न लागता नुसती माणसं बघायची. “ही सगळी लग्नाची झालेली पोरं शाळेत काय करतायत?” असं विचारून ती पुन्हा वाती वळायला लागायची. आता भाची माझ्याकडे राहायला आली, की कुठली ना कुठली शाळेची मालिका लावते आणि एक डोळा फोनवर ठेवते. “मावशी, हा बारावीतला ना? एकोणतीसचा आहे.” आजीला जे नुसतं बघून कळायचं ते हिला तारखेनिशी हवं असतं. मला हा खेळ तिच्याइतकाच आवडतो. पण ती तो फार घाईत खेळते. नट आज किती वर्षांचा आहे ते बघते आणि मोकळी होते.

खरं तर नटाच्या वयाइतकंच पात्राचं वयही शोधून काढावं लागतं, आणि तेच जास्त अवघड असतं. नटाची जन्मतारीख कुठे ना कुठे छापलेली असते. ती ज्या दिवशी भाग दाखवला त्या दिवसापासून वजा करायची आणि शूटिंग काही महिने आधी झालेलं असतं हे ध्यानात ठेवायचं. पात्राला मात्र जन्मतारीख क्वचितच असते. त्याच्याकडे असते इयत्ता, आणि लेखक ती सोयीप्रमाणे ताणतात. शाळा हीच मालिकेची जागा असली, की शाळा संपणं कोणालाच परवडत नाही. म्हणून सुरुवातीपासून पुढे मोजत जाऊ नये. शाळा सोडल्याचं वर्ष पकडावं आणि तिथून मागे यावं. निरोप समारंभ एकदाच होतो आणि तो बहुधा तारखेसकट दाखवतात.

९०२१०मधली ही मंडळी १९९३च्या मे महिन्यात शाळेतून बाहेर पडतात. अमेरिकेत शाळा बारावीपर्यंत, पहिलीच्या आधी बालवर्गाचं एक वर्ष. कॅलिफोर्नियात त्या काळी असा नियम होता, की २ डिसेंबरपर्यंत ज्याला पाच वर्षं पूर्ण होतील ते मूल त्या वर्षी बालवर्गात जाणार. आपल्याकडे जून की सप्टेंबर यावरून आईवडील जसे हिशेब घालतात, तसाच हा प्रकार. १९९३ला बारावी संपवणारी तुकडी १९८०च्या शरद ऋतूत बालवर्गात बसलेली असणार. म्हणजे त्यांचे जन्म ३ डिसेंबर १९७४ ते २ डिसेंबर १९७५ या बारा महिन्यांतले. कोणी एखादं वर्ष मागे राहिलेलं किंवा दुसऱ्या राज्यातून आलेलं असू शकतं. ब्रँडन आणि ब्रेंडा ही जुळी भावंडं मिनेसोटाहून आलेली आहेतच. पण बहुतेकांना ही चौकट लागू व्हायला हवी.

आता पहिल्या भागाच्या तारखेला या चौकटीतला सगळ्यांत मोठा मुलगा किती वर्षांचा? पंधरा वर्षं दहा महिने. आणि पहिल्याच सीझनमध्ये ही मुलं आपापल्या गाड्या उडवत फिरतात. कॅलिफोर्नियात सोळा पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणजे मालिकेचं स्वतःचंच गणित एखाद वर्षानं हुकलेलं आहे. सुरुवातीला मुलं मोठी दाखवली, मग मालिका चालली आणि शाळेतला मुक्काम लांबला. पात्राच्या वयाचा माग काढताना अशी एखादी सांध निघतेच. तिच्यावर नुसतं हसून पुढे जाऊ नये, कारण मालिका नक्की कुठे ताणली ते तिथेच कळतं.

याच चौकटीत नट बसवून बघा. इयान झिअरिंग मार्च १९६४चा, म्हणजे सव्वीस वर्षांचा. ल्यूक पेरीला चोवीस पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता. जेसन प्रिस्टली एकवीस, शॅनन डोहर्टी एकोणीस, जेनी गार्थ अठरा. टोरी स्पेलिंग आणि ब्रायन ऑस्टिन ग्रीन सतरा. डिसेंबर ७४ ते डिसेंबर ७५ या चौकटीत जन्मलेला यांच्यात एकही नाही. सगळ्यांत जवळची टोरी स्पेलिंग, मे १९७३ची. तीही तुकडीतल्या सगळ्यांत थोरल्या मुलापेक्षा दीड वर्षानं मोठी. ग्रीन तिच्याहून दोन महिन्यांनी धाकटा. पण त्याचं पात्र सुरुवातीला एक इयत्ता खाली होतं, त्यामुळे त्याचा फरक उलट वाढतो. आणि कार्टेरिस? तुकडीतलं सगळ्यांत मोठं मूल जन्मलं तेव्हा ती तेरा वर्षं अकरा महिन्यांची होती. शाळा सोडल्याचा भाग दाखवला गेला तेव्हा तिला बत्तीस वर्षं पूर्ण झालेली होती.

एवढं सगळं कशासाठी? सोळा वर्षांचे नट मिळत नाहीत म्हणून? लॉस एंजेलिसमध्ये त्यांना तोटा नाही. खरं कारण घड्याळात आहे.

कॅलिफोर्नियात सोळा-सतरा वर्षांच्या नटाला शाळेच्या दिवशी सेटवर जास्तीत जास्त दहा तास थांबवता येतं, जेवणाची सुट्टी वेगळी. त्या दहा तासांतले तीन तास अभ्यासाचे, एक तास विश्रांतीचा. कामाला उरले सहा. वय नऊ ते सोळाच्या दरम्यान असेल तर एकूण तास नऊ आणि कामाचे पाच. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रात्री दहाच्या पुढे थांबवायचं नाही. सेटवर सरकारमान्य शिक्षक ठेवायचा. मुलांना शिकवणं हे त्याचं काम आहेच, शिवाय धाकट्या मुलांच्या तब्येतीची आणि सुरक्षिततेची जबाबदारीही त्याची. त्याला धोका वाटला तर तो मुलाला सेटवरून उठवून नेऊ शकतो आणि दिग्दर्शकानं त्यावर गप्प बसायचं असतं.

कागदावर हे तीन तास किरकोळ वाटतात. पण समजा, वर्गातला एक प्रसंग आहे, सहा मुलं बाकांवर बसलेली आणि सहाही जण खरोखर सोळाचे. मोठ्यांचं युनिट सकाळी सातला लागतं आणि बारा तास चालतं. दिवे लावून कॅमेरा एका दिशेनं मांडला, चार टेक झाले आणि शिक्षक म्हणाला, यातल्या दोघांचा अभ्यास राहिलाय. अभ्यास सलग किमान वीस मिनिटांचा धरला जातो, पाच-पाच मिनिटं जोडून चालत नाही. दोघं गेली, मागच्या दोन बाकांवर खड्डा पडला. मग त्यांच्या जागी पाठमोरी डमी बसवून दुसऱ्या दिशेचे शॉट उरकायचे. ती परत आली तर आता दुसऱ्या तिघांची पाळी. प्रत्येक मुलाचे सहा तास वेगवेगळ्या वेळी संपतात. सहाही जण एका चौकटीत सापडतील असा वेळ दिवसभरात दोन-तीन तासांपलीकडे उरत नाही. सहायक दिग्दर्शकाच्या हातात प्रसंगांच्या क्रमापेक्षा मुलांच्या तासांचा तक्ता जास्त असतो. आणि हे एका भागाचं नाही. ९०२१०च्या दुसऱ्या सीझनचे अठ्ठावीस भाग होते. इतर मालिका सुट्टीवर होत्या तेव्हा, १९९१च्या उन्हाळ्यात, यांनी नवे भाग दाखवले आणि प्रेक्षक तिथूनच वाढला. तो वेग सहा तासांच्या नटांवर निभला नसता.

यापेक्षा अठराच्या पुढचा नट घेणं सोपं. तो बारा तास उभा राहतो, रात्रीच्या पार्टीचा प्रसंग रात्रीच करतो आणि त्याच्यासाठी शिक्षक नेमावा लागत नाही. भूमिकांच्या जाहिरातींत ‘एटीन टू प्ले यंगर’ असं सरळ लिहिलेलं असतं, म्हणजे वय अठरा हवं, दिसणं कमी. सतरा वर्षांच्या हुशार मुलांनी यातूनही वाट काढलेली. माध्यमिक शाळेची पात्रता परीक्षा लवकर देऊन टाकली, की सक्तीच्या शिक्षणातून सुटका होते आणि मोठ्यांइतके तास काम करता येतं. धंद्यात अशा मुलांना ‘लीगल एटीन’ म्हणतात. ऑडिशनला दोन सारखीच मुलं आली आणि एक लीगल एटीन असलं, तर काम कुणाला मिळतं हे सांगायला नको.

म्हणून अठराचा नट सोळाचं पात्र करतो, यात माझ्या मते फसवणूक वगैरे काही नाही. दोन वर्षांची सूट कायद्यानंच मागितलेली आहे. अठरापर्यंतचं कारण घड्याळ. पण अठराच्या पुढे घड्याळ मुकं होतं: वीसच्या आणि तिशीच्या नटाचे तास सारखेच. मग एकोणतीस का? तिथून पुढची कारणं वेगळी: सराईतपणा, दिग्दर्शकाला चेहरा पटणं, आणि एकदा मालिका लागली की ती सात-आठ वर्षं चालेल तेव्हा हा नट टिकेल का, हा विचार. लागलेल्या मालिकेत शाळकरी पात्रं पुढे कॉलेजात जातातच. विशीतल्या नटाचा चेहरा तेव्हा फारसा बदलत नाही, सोळाच्या मुलाचा काय होईल त्याची खात्री कोण देणार?

तो चेहरा न बदलणं हीच पकडायची सगळ्यांत सोपी खूण. लोक सुरकुत्या शोधतात. त्या दिव्यांनी आणि मेकअपनं झाकता येतात. झाकता येत नाही ते वाढणं. खरा पंधरा वर्षांचा मुलगा दोन सीझनमध्ये लॉकरच्या वरच्या कडेपर्यंत पोचतो, मनगटं बाहीतून बाहेर येतात, आवाजाला एक सीझन ठिकाण नसतं. मोठा नट जिथे होता तिथेच राहतो. पहिल्या आणि तिसऱ्या सीझनमधला एकच दरवाजा बघायचा आणि मुलांची डोकी चौकटीत कुठपर्यंत येतात ते ताडायचं. दुसरी खूण हातांची. चेहऱ्यावर लेप लागतो, पण पेन धरलेल्या हाताच्या शिरांकडे कोणी लक्ष देत नाही. तिसरी म्हणजे मागची गर्दी. मुख्य नट पंचविशीचे आणि व्हरांड्यातून जाणारी ज्युनिअर आर्टिस्ट खरीखुरी शाळकरी असतील, तर एकाच चौकटीत शिक्षक आणि विद्यार्थी उभे केल्यासारखं दिसतं. म्हणून मागची गर्दीही अठराच्या पुढचीच घेतात. तुलनेला खरं मूल चौकटीत शिल्लकच राहत नाही आणि डोळा हळूहळू त्या जगाला सरावतो.

या बाबतीत ‘ग्रीज’ हा चित्रपट मला फार प्रामाणिक वाटतो. तो चित्रित झाला १९७७च्या उन्हाळ्यात. रिझोचं काम करणारी स्टॉकर्ड चॅनिंग तेव्हा तेहेतीस वर्षांची होती, सँडी झालेली ऑलिव्हिया न्यूटन-जॉन अठ्ठावीस, तेविशीतला जॉन ट्रव्होल्टा त्यांच्या मानानं पोरसवदा. त्या शाळेत कोणीच शाळकरी नाही, त्यामुळे कोणीच वेगळं उठून दिसत नाही. शिवाय तिथे माणसं बोलता बोलता गायला लागतात. तिथे जन्मदाखला मागणं हे आपलंच चुकतं. ९०२१०चं तसं नव्हतं. ती मालिका दारू, परीक्षा, गर्भधारणेची भीती असे विषय घ्यायची आणि हे तुमचंच आयुष्य आहे असं सांगायची. मी सोळाची असताना गालावरच्या पुटकुळ्या मोजत तिच्यासमोर बसायचे आणि त्यांच्या सोळाला माझं सोळा लागू पडत नाही एवढं कळायचं, का ते कळायचं नाही. एकवीस वर्षांच्या माणसाची त्वचा आपल्याला सोळाव्या वर्षी दाखवली जातेय, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आजी सांगतच होती म्हणा.

मग खरी मुलं घ्यावीत? घेतली की काय होतं ते ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेनं दाखवलं. तिथे मुख्य पोरं खरोखर अकरा ते चौदा वर्षांची घेतली होती. कथा सुरू होते नोव्हेंबर १९८३मध्ये आणि चौथा सीझन घडतो मार्च १९८६मध्ये. कथेत सव्वादोन वर्षांहून थोडा जास्त काळ गेला. प्रत्यक्षात पहिला सीझन आला २०१६च्या जुलैत आणि चौथा २०२२च्या मेमध्ये, मध्ये कोविडचा खोळंबा. माइकचं काम करणारा फिन वुल्फहार्ड डिसेंबर २००२चा. पहिल्या सीझनला तो आणि त्याचं पात्र जवळपास एका वयाचे होते. चौथ्या सीझनला पात्र नववीत आणि नट चित्रीकरणाच्या वेळीच अठराच्या उंबरठ्यावर. म्हणजे मुलं घेऊनही शेवटी मोठाच नट शाळकऱ्याचं काम करत राहिला, फक्त उशिरा. थोरल्या मुलांच्या बाबतीत त्यांनी आधीच जुनी वाट धरली होती. स्टीव्ह झालेला जो कीरी एप्रिल १९९२चा. आणि एडी नावाच्या पात्रासाठी तर लेखकांनी मला फार आवडलेली युक्ती काढली: तो बारावीत दोनदा नापास झालेला आहे, त्यामुळे कथेतच विशीचा आहे. नट सव्वीस-सत्तावीसचा असला तरी फरक दोन वर्षांनी कमी झाला. आपल्या शाळेत मागच्या बाकावर मिशी फुटलेला एक जण असायचाच, तसा.

पात्रांच्या जन्मतारखा का टाळतात, तेही इथेच कळतं. दुसऱ्या सीझनमध्ये त्या पोरांतल्या विलची आई त्याला त्याच्या वाढदिवसाची आठवण सांगते, २२ मार्च. चौथ्या सीझनमध्ये यातली काही मंडळी स्केटिंगला जातात, तिथे कॅमेऱ्याच्या पट्टीवर तारीख दिसते २२ मार्च १९८६, आणि विलला कोणी हॅपी बर्थडेसुद्धा म्हणत नाही. प्रेक्षकांना वाटलं यात काही गूढ आहे, बिचारा विल एकटा पडलाय वगैरे. मालिका करणाऱ्या डफर बंधूंनी नंतर मान्य केलं, की ते विसरले. वयाचा हिशेब मांडणाऱ्या प्रेक्षकाकडे लेखकापेक्षा चांगली वही असते.

आपल्याकडे याची उलटी बाजूही आहे. ‘सैराट’मधली आर्ची कॉलेजात जाते, बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. रिंकू राजगुरूचा जन्म ३ जून २००१चा आणि चित्रपट आला २९ एप्रिल २०१६ रोजी. प्रदर्शनाच्या दिवशीही तिला पंधरा पूर्ण नव्हती. इथे पात्र मोठं आणि नटी लहान. आर्चीच्या वागण्यातला बिनधास्तपणा ज्यांना खरा वाटला, त्यांना तो का खरा वाटला याचं अर्धं उत्तर या तारखेत असावं. आपल्याकडे बालकलाकारांसाठी २०१७पासून जे केंद्राचे नियम आहेत ते चौदाच्या आतल्या मुलांसाठी. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावानं बँकेत ठेवीत. चौदा ते अठरामधल्या नटाला कॅलिफोर्नियासारखा सहा तासांचा हिशेब या नियमांत नाही. तरीही आपल्या हिंदी मालिकांत कॉलेजकुमार तिशीचे असतातच. म्हणजे तिथे निमित्त घड्याळाचं नाही, सवयीचं आहे.

पुन्हा कार्टेरिसकडे येते, कारण तिची गोष्ट अँड्रियापाशी संपली नाही. चौथ्या सीझनला ती स्वतः गरोदर होती, म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षातली अँड्रियाही गरोदर झाली. तेहेतीस वर्षांच्या बाईच्या आयुष्यातली अगदी साधी घटना अठरा वर्षांच्या हुशार मुलीच्या आयुष्यात येऊन पडली आणि तिची सगळी कथाच वळली. वयातला फरक मेकअपनं झाकता आला होता, पोट कसं झाकणार? पाचव्या सीझननंतर ती मालिकेतून बाहेर पडली. पुढे २०१६ साली ती अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेची, सॅग-आफ्ट्राची अध्यक्ष झाली. तिच्या कारकिर्दीतला एक गाजलेला लढा होता जन्मतारखेचा.

आयएमडीबी या संकेतस्थळावर भाची ज्या तारखा शोधते, त्याच तारखा काम देणारेही तिथेच शोधतात. जूनी होआंग नावाच्या एका अभिनेत्रीनं आधी तिथे वय सात वर्षांनी कमी लावलं होतं. नंतर ते काढायला सांगितलं तर खरं जन्मवर्ष १९७१ शोधून लावण्यात आलं. आता कामं मिळत नाहीत म्हणून ती कोर्टात गेली आणि २०१३ साली हरली. मग संघटनेनं कायदाच करून घेतला. २०१६च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं त्यावर सही केली. अशा संकेतस्थळाच्या पैसे भरणाऱ्या सदस्यानं विनंती केली, तर पाच दिवसांत त्याचं वय काढून टाकायचं, असा तो कायदा. त्याची बाजू मांडताना कार्टेरिसनं स्वतःचंच उदाहरण दिलं: ऑडिशनच्या वेळी माझं वय त्यांना माहीत असतं तर अँड्रियाचं काम मला मिळालं नसतं. कायदा लागू झाला १ जानेवारी २०१७ला. फेब्रुवारीत न्यायाधीशांनी स्थगिती दिली, वर्षभरानं तो घटनाबाह्य ठरवला आणि २०२०च्या जूनमध्ये अपील कोर्टानं तोच निर्णय कायम केला. खरी माहिती छापायचा हक्क काढून घेता येत नाही, भेदभाव जो करतो त्याला पकडा, असा साधारण सूर.

कोर्टाचं म्हणणं मला पटतं आणि कार्टेरिसचंही पटतं. तारीख छापू नका हे लोकशाहीत टिकणार नाही हे खरं. पण “भेदभाव करणाऱ्याला पकडा” हे सांगायला सोपं. ऑडिशनला बोलावलंच नाही, तर वयामुळे नाही बोलावलं हे नटीनं सिद्ध कसं करायचं? आणि या खेळात बायकांची तारीख आधी बघितली जाते. सव्वीस वर्षांचा झिअरिंग शाळेत चालून गेला, त्यासाठी त्याला कुठला कायदा मागावा लागल्याचं माझ्या वाचनात नाही. भाचीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पण मावशी, मग मी बघायचंच नाही का?” बघायचं की. घरी बसून बघणाऱ्यानं कोणाचं काम जात नाही.

मधला मार्ग धंद्यानंच काढलेला आहे. नटाच्या माहितीपत्रकात वयाचा रकाना बहुधा नसतो. त्याऐवजी किती ते किती वर्षांचं पात्र करू शकतो, असा पल्ला असतो. आमच्या सोसायटीतला एक मुलगा नाटक-मालिकांत छोटी कामं करतो. त्याचे नवे फोटो काढून आले तेव्हा त्यानं मला ते पत्रक दाखवलं. खाली लिहिलं होतं, सोळा ते चोवीस. त्याच्या एकतिसाव्या वाढदिवसाचा केक आम्ही त्याच्या आदल्याच आठवड्यात खाल्ला होता. मी काही बोलले नाही. “सोळा जरा जास्तच होतंय का?” असं त्यानंच विचारलं, मग आम्ही दोघांनी बसून ते अठरा केलं.